तुम्ही विचारलंत म्हणून: ‘लेट मी’च्या पुढचा ‘टू’

“‘हेल्प मी टू अंडरस्टँड’ चालतं म्हणता, मग ‘लेट मी टू नो’ का चुकीचं? आणि ‘मेक’चं काय?”

या तिघांपैकी खरा वेगळा ‘हेल्प’ आहे. ‘लेट’ आणि ‘मेक’ यांच्यानंतर आधी माणूस किंवा वस्तू येते आणि मग क्रियापद, तेही ‘टू’शिवाय, मूळ रूपात: लेट मी नो, मेड मी वेट. ‘हेल्प’ला मात्र दोन्ही चालतं. नियम इतकाच आहे. मी इंग्रजी शिकवते, आणि नियम पाठ असलेली माणसंही लिहिताना ‘टू’ घालतात हे मला रोज दिसतं. त्याचं कारण मला बरीच वर्षं इंग्रजीत सापडत नव्हतं. ते मराठीत होतं.

‘त्याला जायला सांग’ आणि ‘त्याला जाऊ दे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात ‘जायला’, दुसऱ्यात ‘जाऊ’. ‘त्याला जाऊ सांग’ असं कुणीही म्हणणार नाही. म्हणजे पुढे कोणतं क्रियापद आहे त्यानुसार आधीच्या क्रियापदाचं रूप बदलतं, ही गोष्ट आपण लहानपणापासून न शिकवता पाळतो. इंग्रजीतही नेमकं हेच घडतं: ‘टेल हिम टू गो’, पण ‘लेट हिम गो’. ‘सांग’ला ‘जायला’ लागतं तसा ‘टेल’ला ‘टू’ लागतो. ‘दे’ला ‘जाऊ’ पुरतं तसं ‘लेट’ला नुसतं ‘गो’ पुरतं. ‘मला कळू द्या’ हे ‘लेट मी नो’च आहे. (बोलताना ‘जायला दिलं नाही’ असंही आपण म्हणतो, पण ‘द्या’च्या आधी ‘कळू’ हेच रूप सहज येतं.) ‘परवानगी दे’ म्हटलं की ‘जायची’ किंवा ‘जायला’ परत येतं, तसंच इंग्रजीत ‘अलाव’ म्हटलं की ‘टू’ परत येतो: अलाव हिम टू गो. अर्थ जवळपास तोच राहतो, रूप बदलतं. म्हणून ‘टू’ अर्थावरून ठरवू नये. तो आधीच्या क्रियापदावरून ठरतो.

‘लेट’ला मराठी अशी मदत करते, पण ‘मेक’ला तीच मराठी फसवते. ‘त्याने मला थांबायला लावलं’ यात ‘थांबायला’ आहे, आणि ‘-यला’ दिसलं की हात आपोआप ‘टू’कडे जातो. ‘ही मेड मी टू वेट’ अशी वाक्यं याच वाटेने येतात. ‘समजायला मदत करा’ या वाक्यातही ‘-यला’ आहे, फक्त तिथे ‘हेल्प’ असल्यामुळे ‘टू’ खपून जातो. एका ठिकाणी खपलं म्हणून आपण ते सगळीकडे नेतो.

मागे एका विद्यार्थिनीने मला तिच्या ईमेलमधली एक ओळ दाखवली होती: ‘प्लीज लेट मी टू नो इफ धिस हेल्प्स यू टू अंडरस्टँड व्हाय द सिस्टम मेड अस टू वेटेड.’ एकाच वाक्यात तिन्ही क्रियापदं. आम्ही ती ओळ तुकड्यातुकड्याने पाहिली. ‘लेट मी टू नो’ मधला ‘टू’ काढला. ‘हेल्प्स यू टू अंडरस्टँड’ बरोबर होतं, ते तसंच ठेवलं. ‘हेल्प्स यू अंडरस्टँड’ जरा मोकळं वाटतं, एवढंच. शेवटच्या तुकड्यात मात्र दोन चुका होत्या. ‘टू’ नको होता, आणि ‘वेटेड’ही नको होतं. तिचं म्हणणं होतं की घटना कालची, मग भूतकाळ नको का? हवा, पण तो ‘मेड’मध्ये येऊन गेला. आपणही ‘थांबायला लावलं’ म्हणताना काळ फक्त ‘लावलं’वर घालतो, ‘थांबायला’ तसंच राहतं. हीच चूक वर्तमानकाळात ‘लेट हिम गोज’ अशी दिसते. तिथे ‘हिम’ एकवचनी आहे म्हणून ‘एस’ लावला जातो, पण या जागी क्रियापदाला काळ नाही, पुरुष नाही, वचनही नाही.

वाक्य झालं: ‘प्लीज लेट मी नो इफ धिस हेल्प्स यू अंडरस्टँड व्हाय द सिस्टम मेड अस वेट.’ मग तिने तेच कर्मणी करून विचारलं: ‘वी वर मेड वेट’ बरोबर ना? नाही. इथे ‘टू’ हवाच: ‘वी वर मेड टू वेट.’ ‘मेक’नंतर ‘टू’ नको हे मीच तिच्या मनावर इतकं ठसवलं होतं की जिथे तो हवा तिथूनही तिने तो काढला. तेव्हापासून मी ‘मेक’चा नियम एकटा कधीच सांगत नाही, त्याचं कर्मणी रूप लगेच शेजारी लिहिते.

कर्मणीत ‘टू’ का राहिला, हे इतिहासात पाहिलं तर लक्षात येतं. जुन्या इंग्रजीत ‘जाणे’ अशा अर्थाच्या रूपाला स्वतःचा प्रत्यय होता, आपल्या ‘-णे’सारखा, त्यामुळे ‘टू’ची गरज सगळीकडे नव्हती. ते प्रत्यय झिजले आणि ‘टू’ हीच त्या रूपाची खूण बनली. ‘लेट’सारखी काही नेहमीच्या वापरातली क्रियापदं मात्र जुन्या सवयीवर टिकली. ‘मेक’चं तळ्यात-मळ्यात बराच काळ चाललं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रात ‘ही मेकेथ मी टू लाय डाउन’ असं आहे, म्हणजे तेव्हा तिथे ‘टू’ चालत होता. पुढे कर्तरीतून तो गेला, कर्मणीत राहिला. ‘सी’ आणि ‘हिअर’ यांचंही तसंच आहे: ‘सॉ हिम लीव्ह’, पण ‘वॉज सीन टू लीव्ह’. ‘लेट’चं कर्मणी या अर्थाने सहसा करतच नाहीत. ‘मला जाऊ देण्यात आलं’ म्हणायचं असेल तर ‘आय वॉज अलावड टू गो’ म्हणतात.

‘हेल्प’ची दोन्ही रूपं मात्र अजून शेजारी शेजारी नांदताहेत. विसाव्या शतकात ‘टू’शिवायचं रूप खूप वाढलं, अमेरिकी इंग्रजीत आधी आणि अधिक. म्हणून कुणी ‘हेल्प मी टू अंडरस्टँड’ला लाल रेघ मारली तर ती चूक मानू नका, ती त्या माणसाची आवड आहे. मी स्वतः वाक्याची लांबी पाहते. ‘हेल्प मी अंडरस्टँड’ इतकं लहान असेल तर ‘टू’ गाळते. पण ज्याला मदत करायची त्याचं वर्णन पाच-सहा शब्दांचं असेल, तर वाचणाऱ्याला पुढचं क्रियापद चटकन सापडावं म्हणून ‘टू’ ठेवते. मध्ये ‘नॉट’ आला तरी ठेवते: हेल्प मी नॉट टू फर्गेट.

‘हेल्प’नंतर ‘-इंग’ एकाच ठिकाणी येतं: ‘आय कान्ट हेल्प लाफिंग’, म्हणजे हसू आवरत नाही. तिथे ‘हेल्प’चा अर्थ मदत नाही, टाळणं आहे. त्यावरून ‘हेल्प मी अंडरस्टँडिंग’ मात्र करू नका.

लिहिताना शंका आली तर ‘लेट’च्या जागी ‘दे’ घालून पाहा. ‘कळू दे’, ‘जाऊ दे’, ‘बघू दे’ असं तोंडात आलं की ‘टू’ नाही. ‘मेक’ला ही युक्ती लागू पडत नाही, तिथे वाक्य कर्तरी की कर्मणी एवढंच बघायचं.