ओळ त्याची, मत कुणाचं?

"दीड तासाचीच तर मुलाखत. ट्रान्स्क्रिप्ट आयतं हातात असताना दोन पानांच्या सारांशाला चार दिवस कसले लावता?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आजवर "बघते, देते लवकर" एवढंच म्हणत आले, पण आता त्या उत्तराचा मलाच कंटाळा आला आहे.

माझ्याही हातून एका दिवसात सारांश होत असत. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरची मुलाखत मी अशीच संध्याकाळपर्यंत उरकली होती. बोलणारे दोघे होते, गुऱ्हाळाचे मालक आणि गूळ शिजवणारा गुळव्या. विषय होता उसाचा रस उकळायच्या काहिलीत भेंडी घालायची की हायड्रॉस पावडर. भेंडीचं खोड ठेचून पाण्यात भिजवलं की चिकट रस सुटतो, आणि तो उकळत्या रसात ओतला की मळी वर येते. पावडरीने गुळाचा रंग उजळतो. ट्रान्स्क्रिप्टमधला तुकडा असा होता:

मालक: मग लोक पावडर का टाकत्यात?
गुळव्या: गूळ पिवळा पायजे. काळ्याला कोण इचारत न्हाय. पावडर टाकल्याबिगर परवडत न्हाय.
मालक: हं. बरोबर.
गुळव्या: असं म्हणून भाव पाडायचा. आमी म्हणतो, भेंडी घाल आनि मळी निवांत काढ.

मी लिहिलं, "पावडरीशिवाय गूळ परवडत नाही, असे दोघांचेही मत आहे." सारांश एका बैठकीत वाचला गेला. आठवड्याने गुळव्या स्वतः आला. पायरीवरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाला, "ताई, पंचवीस वर्सं काहिलीवर हाय मी. पावडरीला हात लावला न्हाय. आनि तुमी माज्याच तोंडात घातली ती." त्याच्याकडून बिनपावडरीचा गूळ नेणारं एक गिऱ्हाईक हे ऐकून बिथरलं होतं.

मी काय केलं? वाद घातला. तुम्हीच बोललात, ओळीपुढे तुमचंच नाव आहे, म्हणून कागद दाखवला. ट्रान्स्क्रिप्ट खरोखरच चुकलं नव्हतं. तो गेल्यावर ध्वनिफीत लावली. त्या तीन वाक्यांवर त्याने आवाज बदलला होता, तोंड वाकडं करून अडत्याची नक्कल करत होता. दहा ओळी वर विषयही अडत्याचाच चालला होता. आणि मालकांचं "हं, बरोबर" म्हणजे नुसता हुंकार होता, पुढं बोल म्हणून दिलेला.

आपल्या बोलण्यात दुसऱ्याचं म्हणणं आधी येतं आणि "असं म्हणतात", "असं म्हणून" मागून येतं. कर्ता तर बहुतेक वेळा गळलेलाच असतो. मी तिसऱ्या वाक्याला थांबले आणि मत उचललं. सारांश म्हणजे कापणं, आणि कापताना पहिला बळी जातो तो त्या मागून येणाऱ्या "असं"चा.

तेव्हापासून प्रत्येक बोलण्याला क्रमांक देते आणि शेजारी दोन रकाने आखते: बोललं कोण आणि मत कुणाचं. बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे एकच नाव येतं. जिथे वेगळं येतं, तिथे मी सारांशातही "व्यापाऱ्यांचं म्हणणं म्हणून गुळव्याने सांगितलं" असं लांबलचक लिहिते. वाचायला जड होतं, मान्य आहे. हुंकारांपुढचा दुसरा रकाना कोराच ठेवते. दोघं एकदम बोललेत तिथे ध्वनिफीत पुन्हा ऐकते, कारण टंकणाऱ्याकडून नावांची अदलाबदल झाली तर तिथेच होते आणि पुढची पानभर नावं उलटी पडतात. उत्तर देणाराच स्वतःला प्रश्न विचारताना दिसला की मला संशय येतो.

मसुदा झाला की उलटी तपासणी. सारांशातलं प्रत्येक वाक्य घ्यायचं आणि त्या माणसाच्या नावावरचा क्रमांक शोधायचा. सापडला नाही तर वाक्य जातं. "दोघांचेही मत" लिहायचं तर दोन क्रमांक हवेत, दोघांनी आपापल्या शब्दांत सांगितलेले. पहिल्या सारांशाला ही तपासणी लावली तेव्हा चौदातली तीन वाक्यं गळाली.

एवढं करूनही सगळं सुटतं असं नाही. त्याच मुलाखतीत शेवटी मालक म्हणतात, "आपण पावडर टाकत न्हाय." हे आपण म्हणजे ते स्वतः, की ते आणि गुळव्या मिळून, की समोर बसलेल्या सगळ्यांना धरून, सभ्यपणे म्हटलेलं? मालकांची दुसरी दोन गुऱ्हाळं आहेत. त्यांना फोन करून विचारलं, तर "आपण म्हंजे आपणच की" म्हणाले. मी ते वाक्य अवतरणात, त्यांच्याच शब्दांत ठेवलं. दुसरा रकाना अजून रिकामा आहे.