तुम्ही विचारलंत म्हणून: पळतोय, तरी खेळायला का नाही?

"मॅडम, लिगामेंटच्या ऑपरेशनला सात महिने झाले. गुडघा दुखत नाही, पोरगं मैदानाला फेऱ्या मारतंय, पायाच्या ताकदीच्या टेस्टमध्ये ९२ टक्के आलेत. मग मॅचला का सोडत नाही तुम्ही?"

कारण ते ९२ टक्के दुसऱ्या पायाच्या तुलनेत आहेत, आणि या सात महिन्यांत तो दुसरा पायही दुबळा झालेला असतो.

गेल्या फुटबॉल हंगामातल्या एका मिडफिल्डरची माझी वहीच उघडते. वय २१, वजन ६४ किलो, पेठेतल्या तालमीच्या संघाकडून खेळणारा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर चेंडू घेऊन वळताना डावा गुडघा आतल्या बाजूला गेला आणि सांध्याच्या मधोमध असलेलं लिगामेंट, एसीएल, तुटलं. सूज उतरल्यावर, ऑपरेशनच्या आठवडाभर आधी मी त्याच्या चांगल्या म्हणजे उजव्या पायाची ताकद मोजून ठेवली होती. पद्धत साधी आहे. टेबलाच्या कडेला बसवायचं, गुडघा काटकोनात, घोट्याच्या थोडं वर रुंद पट्टा. पट्ट्याला साखळी, साखळीत लटकता डिजिटल काटा आणि साखळीचं दुसरं टोक मागे टेबलाच्या पायाला बांधलेलं. पाय सरळ करायचा असा पूर्ण जोर पाच सेकंद लावायचा, तीनदा, आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. मोठ्या केंद्रांत यासाठी महागडं यंत्र असतं, पण पट्टा दर वेळी त्याच जागी बांधला तर काटाही पुरेसा खरं बोलतो. म्हणून गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर मी सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवते. तो दोन सेंटिमीटर वर सरकला तरी आकडा फुगतो.

त्या दिवशी उजव्या पायाने काट्यावर ५४ किलो दाखवले. सातव्या महिन्यात उजवा ४५ आणि डावा ४१.५. डाव्याला उजव्याने भागा, ९२ टक्के येतात. नव्वदच्या वर गेलं की पास, असं सगळीकडे सांगतात, त्यामुळे तोही खुशीत होता. पण हाच डावा पाय जुन्या ५४ शी ताडून पाहा: ७७ टक्के. दोन्ही पाय सारखे झाले होते हे खरं, पण डावा वर येण्याइतकाच उजवा खाली उतरल्यामुळे. मैदानात समोरचा खेळाडू काही त्याच्या आत्ताच्या उजव्या पायाशी खेळणार नसतो.

मांडीचा पुढचा स्नायू एवढा मागे का पडतो, हेही पालकांना सांगावं लागतं. गुडघ्यात सूज आणि पाणी असलं की त्या स्नायूला जाणारा हुकूमच मंदावतो. पोराने कितीही जोर लावला तरी सगळे तंतू कामाला लागत नाहीत. आणि उडीवरून खाली येताना, पळता पळता थांबताना धक्का झेलायचं मोठं काम त्याच स्नायूचं. तो कमी पडला की उरलेला भार गुडघ्याच्या आत जातो.

मग एका पायावरच्या उड्या. उजव्यावर १४८ सेंटिमीटर, डाव्यावर १४०, म्हणजे ९४ टक्क्यांच्या पुढे. इथेच खूप जण फसतात. मी मोबाईल आडवा ठेवून हळू गतीत चित्रण केलं. उजव्या पायावर उतरताना गुडघा छान वाकत होता. डाव्यावर उतरताना तो जवळजवळ ताठ, कंबरेतून पुढे झुकलेला आणि हात हवेत. अंतर त्याने खुब्याच्या आणि पोटरीच्या जोरावर कापलं होतं, गुडघ्याने काम टाळलं होतं. म्हणून नुसत्या उडीच्या टक्क्यांवर मी कधीच निर्णय देत नाही. ताकदीचा आकडा आणि उतरण्याची पद्धत, दोन्ही जुळायला हवं.

शिवाय कॅलेंडर आहेच. नवीन लिगामेंट म्हणून बसवलेली स्नायूची दोरी शरीरात रुजायला, तिच्यात रक्तपुरवठा यायला वेळ लागतो आणि तो व्यायामाने कमी करता येत नाही. २०१६ साली डेलावेअर आणि ऑस्लोच्या रुग्णांचा एक अभ्यास आला. त्यात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं होत गेलं. ताकदीच्या आणि उड्यांच्या कसोट्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, पार केलेल्यांपैकी जेमतेम ६ टक्क्यांना. मी नवीन असताना एका पोराला सात महिन्यांनी, फक्त 'दुखत नाही' एवढ्यावर सोडलं होतं. तिसऱ्या सामन्यात तोच गुडघा पुन्हा गेला. त्याच्या आईचा चेहरा मला अजून आठवतो.

या मिडफिल्डरला मग दोन्ही पायांचा जड व्यायाम दिला, आठवड्यातून तीनदा, एकेका पायावर. साडेदहाव्या महिन्यात उजवा ५५, डावा ५०.५. आपसात ९२ टक्के, म्हणजे सातव्या महिन्याइतकेच! पण जुन्या ५४ शी आता ९४ टक्के, आणि उतरताना गुडघा वाकत होता. तेव्हा मी हो म्हटलं, पण सरावाला. चार आठवडे संघाबरोबर पूर्ण सराव, धक्काबुक्कीसकट. त्यानंतर सामन्याची मिनिटं.

प्रशिक्षकांची इच्छा असते की त्याला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवावं. मी उलटं मागते: सुरुवातीला खेळवा आणि विसाव्या मिनिटाला बाहेर काढा. बदली खेळाडू तासभर बाकावर बसून थंड होतो आणि घाईत दोन फेऱ्या मारून आत जातो. बाद फेरीत सामना जादा वेळेत गेला तर वीस मिनिटांची पन्नास कधी होतात कळत नाही. सुरुवातीला खेळवलं की अंग नीट तापलेलं असतं आणि शेवट आपल्या हातात राहतो. यात संघाचा एक बदल वाया जातो, हे मला मान्य आहे. म्हणून पहिल्या दोन पायऱ्या मैत्रीपूर्ण सामन्यांत घ्यायच्या.

त्याची मिनिटं अशी गेली: २०, ३०, मग ४५. प्रत्येक सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे यायचा. माझी तपासणी अशी: गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूने तळहात वर सरकवायचा, मग बाहेरच्या बाजूने खाली आणायचा. आतल्या खळग्यात पाण्याची लाट परत उमटली, तर गुडघ्याला कालचा भार झेपलेला नाही. ४५ नंतर ती उमटली. दुखत नव्हतं, तो चालतही नीट होता. पुढच्या आठवड्यात ६० मिनिटं ठरली होती, ती मी रद्द करून पुन्हा ३० दिली. तो रुसला, दोन दिवस फोन उचलला नाही. ३० नंतर खळगा कोरडा राहिला, पुढच्या आठवड्यात ४५ नंतरही कोरडा, आणि मग ६०.

तुमच्या मुलाचं ऑपरेशनआधीचं माप कुणी घेतलेलं नाही, त्यामुळे त्याच्यासाठी ५४ सारखा आकडा माझ्याकडे नाही. म्हणून त्याच जागेवर खेळणाऱ्या, साधारण त्याच वजनाच्या दोन धडधाकट सोबत्यांना घेऊन या, आणि मुलाला शॉर्ट्स घालून आणा. तिघांनाही त्याच टेबलावर बसवते.