शिडी घसरतेय आणि माझं उत्तर शून्य

गणित असं होतं: ५ मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकून उभी आहे. तिचा पाय सेकंदाला ३० सेंटिमीटर या वेगाने भिंतीपासून दूर सरकतोय. पाय भिंतीपासून ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? माझं उत्तर आलं शून्य, आणि पुढच्या दोन संध्याकाळी त्या शून्यात गेल्या.

मांडणी सोपी होती. पायाचं भिंतीपासूनचं अंतर x, टोकाची उंची y, पायथागोरसने x² + y² = 25. पुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणात "दिलेले" या मथळ्याखाली पहिल्याच ओळीत x = 3 छापलं होतं. दिलंय म्हणून मी ते लगेच समीकरणात टाकलं. 9 + y² = 25 झालं. मग वेळेच्या संदर्भात डिफरन्शिएट केलं, तर 2y·dy/dt = 0. म्हणजे पाय सरकतोय आणि टोक मात्र जागचं हलत नाही!

सगळ्यात जास्त छळलं ते याने की एकही पायरी चुकलेली दिसेना. बेरीज बरोबर, डिफरन्शिएशन बरोबर, एककंही बरोबर. शून्य मीटर प्रति सेकंद हाही वेगच की. शेवटी चिडून कॅल्क्युलस बाजूला ठेवलं आणि नुसता हिशेब केला. एका सेकंदानंतर पाय ३.३ मीटरवर असेल. 25 मधून 10.89 वजा केले, वर्गमूळ काढलं, उंची आली साधारण ३.७५६ मीटर. आधी ती ४ मीटर होती. म्हणजे टोक एका सेकंदात २४ सेंटिमीटरांहून जास्त खाली आलं.

तेव्हा चूक दिसली. x च्या जागी 3 लिहिलं त्याच क्षणी मी पाय ३ मीटरवर खिळा ठोकून बसवला होता. खिळलेल्या पायाची शिडी घसरणार कशी? समीकरण मला तेच प्रामाणिकपणे सांगत होतं. ३ मीटर हे एका क्षणाचं अंतर आहे, ५ मीटर मात्र शिडीची कायमची लांबी. दोन्ही आकडे एकाच मथळ्याखाली छापणं मला अजून पटत नाही.

आधी डिफरन्शिएट केलं की गाडी लगेच रुळावर येते:

2x·dx/dt + 2y·dy/dt = 0

dy/dt = −(x/y)·dx/dt

आता आकडे टाका. x = 3, y = 4, dx/dt = 0.3, म्हणून dy/dt = −0.225, म्हणजे टोक सेकंदाला २२.५ सेंटिमीटर या वेगाने खाली येतंय. वजा चिन्ह उंची कमी होत असल्याचं. माझ्या सेकंदभराच्या हिशेबात २४ का आले? कारण घसरण्याचा वेग वाढत जातो आणि तो आकडा त्या सेकंदाची सरासरी होता. १ सेकंदाऐवजी ०.०१ सेकंद घेतलं तर टोक २.२५ मिलिमीटर उतरतं, म्हणजे तोच वेग. आपलं उत्तर असं ताडून बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

एककांनी माझं शून्य पकडलं नाही, पण दुसरी एक चूक नक्की पकडली. पुढच्या गणितात घाईत मी dx/dt लिहायलाच विसरले, नुसतं 2x + 2y·dy/dt = 0. त्यातून dy/dt = −x/y. मीटर भागिले मीटर, म्हणजे एककच उरत नाही, आणि मला तर वेग हवा होता. या चुकलेल्या समीकरणातही बघा: पहिलं पद नुसतं मीटर, दुसरं चौरस मीटर प्रति सेकंद. ही दोन पदं मिळवताच येत नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येक पदाखाली पेन्सिलने एकक लिहिते.

x/y ला एकक नसल्यामुळे पायाचा वेग सेंटिमीटरमध्ये ठेवला तरी चालतं, टोकाचा वेगही सेंटिमीटरमध्येच येतो. फक्त x आणि y एकाच एककात हवेत. ३ मीटर आणि ४०० सेंटिमीटर असं घेतलंत तर उत्तर शंभरपट चुकेल.

टोक जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर मात्र हे सूत्र वापरू नका. उंची १ सेंटिमीटर धरली तर वेग निघतो सेकंदाला जवळपास १५० मीटर, म्हणजे ताशी ५४० किलोमीटर. खरी शिडी असं करत नाही. तिचं टोक त्याआधीच भिंतीपासून सुटतं आणि मग पायथागोरसचं ते समीकरणच लागू राहत नाही.

आणि हो, आकृती काढताना आकडा फक्त शिडीवर लिहा. जमिनीवर x, भिंतीवर y. माझ्या पहिल्या आकृतीत जमिनीवर ठळक 3 लिहिलेला होता.