आमची वाटचाल: पान ११८, ओळ १७

हिंगणघाटच्या कोर्टाबाहेर टायपिंगच्या टेबलावर आमचा धंदा सुरू झाला. अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष, शपथपत्रावर द्यायला लागले, त्यामुळे वकिलांना खरी काळजी उरली ती उलटतपासाची. त्या उलटतपासाच्या नकला आमच्याकडं यायच्या, आणि एक ज्येष्ठ वकील हातात कागद देताना म्हणायचे, "मले कथा नको, साक्षीदार पलटला कुठं तेवढं सांगजो." मग आम्ही मुद्देनिहाय टिपण करून द्यायला लागलो. ताबा, हद्द, वाटणी असे मथळे, आणि प्रत्येक वाक्यापुढं परिच्छेदाचा क्रमांक.

नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून अमेरिकेतल्या वकिलांचं काम आलं ते या टिपणांमुळंच. तिकडं खटला उभा राहण्याआधी साक्षीदाराला वकिलाच्या ऑफिसात बसवून शपथेवर प्रश्न विचारतात. न्यायाधीश समोर नसतो, कोर्ट रिपोर्टर शब्दन् शब्द घेतो. याला डिपॉझिशन म्हणतात. फेडरल नियमांप्रमाणं एका साक्षीदाराला एका दिवसात सात तास, आणि तेवढ्या वेळात अडीच-तीनशे पानं सहज होतात. प्रत्येक पानावर साधारण २५ ओळी, डाव्या बाजूला आकडे. ४१:७-१२ म्हणजे पान ४१, ओळ ७ ते १२. अशी परदेशी कामं बाहेर देता येतात, पण देखरेख आणि गोपनीयतेची जबाबदारी वकिलाचीच राहते, असं अमेरिकन बार असोसिएशननं २००८ सालच्या मतात सांगितलंय. त्यामुळे आमच्या खोलीत मोबाईल बाहेर ठेवूनच बसावं लागतं.

आपल्याकडच्या जबानीची सवय असलेल्या माणसाला इथं पहिली अडचण येते. आपल्याकडं "हे म्हणणे खरे नाही की मी ताबा सोडला होता" असं लिहिलं जातं, म्हणजे वकिलाचा प्रश्न साक्षीदाराच्या उत्तरातच विरघळलेला असतो. तिकडं प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं. ओळ २२ वर नुसतं "हो" असेल तर २२ चा हवाला देऊन काय उपयोग? प्रश्न ओळ १७ ला सुरू झाला असेल तर हवाला १७ पासून द्यावा लागतो. मध्ये समोरच्या वकिलानं "ऑब्जेक्शन, फॉर्म", म्हणजे प्रश्नाच्या मांडणीवर हरकत, म्हटलं असेल तरी साक्षीदार उत्तर देतो आणि ते नोंदीत राहतं. हरकत कंसात टिपायची, उत्तर गाळायचं नाही. वकिलानं उत्तर देऊच नको असं सांगितलं असेल, तर त्यासाठी वेगळा मथळा करतो, कारण त्यावर वकिलाला पुढं कोर्टात जावं लागू शकतं.

एक उदाहरण घेतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. गोदामातल्या कन्व्हेयर पट्ट्यात कामगाराचा हात अडकला. पट्ट्यावरचं लोखंडी संरक्षक झाकण आधीच काढलेलं होतं. देखभाल पर्यवेक्षकाचं डिपॉझिशन आमच्याकडं आलं. सकाळी ४१:७-१२ ला तो म्हणतो, अपघातापूर्वी झाकण काढल्याचं मला ठाऊक नव्हतं. जेवणानंतर त्याला निशाणी १४, म्हणजे झाकण काढल्याबद्दलचा, अपघाताच्या आधीचा एक ई-मेल दाखवतात. ११८:१७-२२ ला प्रश्न आहे, हा तुम्ही त्याच आठवड्यात वाचला का? उत्तर, हो. शेवटी त्याचा स्वतःचा वकील विचारतो तेव्हा १६३:२० ते १६४:३ मध्ये तो म्हणतो, मला वाटतं मी तो नंतर वाचला, नक्की आठवत नाही.

पानांच्या क्रमानं सारांश केला तर ही तीन उत्तरं एकमेकांपासून लांब पडतात, आणि घाईतल्या वाचकाला पहिलंच खरं वाटतं. विषयवार सारांशात "झाकण काढल्याची माहिती" या एका मथळ्याखाली ती ओळीनं येतात:

झाकण काढल्याचं अपघातापूर्वी ठाऊक नव्हतं (४१:७-१२).
निशाणी १४ त्याच आठवड्यात वाचली (११८:१७-२२, फॉर्मवर हरकत).
"मला वाटतं" नंतर वाचली, नक्की आठवत नाही (१६३:२०-१६४:३, स्वतःच्या वकिलाच्या प्रश्नावर).

तीन ओळी झाल्या, पण त्यात आमचं मत कुठंच नाही. "साक्षीदारानं कबूल केलं" हा शब्द आम्ही बंद केलाय. तो वकिलानं ठरवायचा. "नाही", "माहीत नाही" आणि "आठवत नाही" ही तीन उत्तरंही कधी एकत्र करत नाही. "नाही" म्हणणारा बांधला जातो. "आठवत नाही" म्हणणाऱ्याला खटल्यात कागद दाखवून आठवण करून देता येते, म्हणजे त्याला वाट मोकळी राहते. इंग्रजी उत्तम असलेली नवी मुलंमुली इथंच घसरतात, कारण वाक्य सुटसुटीत करायच्या नादात ते "आठवत नाही"चं "नाही" करून टाकतात.

दुसरा धोका आकड्यांचा. रिपोर्टर आधी कच्ची प्रत देतो आणि प्रमाणित प्रत नंतर येते. तोवर कुठं ओळ वाढते, कुठं पान सरकतं. कच्च्या प्रतीवर केलेले हवाले प्रमाणित प्रतीवर दोन-तीन ओळींनी चुकतात, आणि कोर्टात समोरचा वकील त्या ओळीवर बोट ठेवून हसतो. म्हणून कच्च्या प्रतीवरच्या टिपणाला आम्ही ठळक अक्षरात "कच्ची" लिहितो आणि प्रमाणित प्रत आल्यावर सगळे हवाले नव्यानं लावतो. त्याचे पैसे वेगळे घेतो. सुरुवातीला यावरून वाद झाले, आता होत नाहीत.

मग येते दुरुस्ती यादी. प्रत वाचून पाहण्याची मागणी डिपॉझिशन संपण्याआधी केलेली असेल तर प्रत तयार झाल्याचं कळल्यापासून साक्षीदाराला दुरुस्त्या द्यायला ३० दिवस मिळतात. या पर्यवेक्षकानं ११८:२२ च्या "हो"च्या जागी "आठवत नाही" असा बदल दिला, कारण लिहिलं, प्रश्न नीट समजला नव्हता. असा अर्थ पालटणारा बदल किती मान्य करायचा यावर तिथल्या कोर्टांचं एकमत नाही. म्हणून आम्ही मूळ ओळ तशीच ठेवतो आणि खाली दुरुस्ती व दिलेलं कारण लिहितो.

तपासणीची पद्धत साधी आहे. दुसरी व्यक्ती सारांश न वाचता फक्त हवाला उघडते, त्या ओळींत काय आहे ते एका वाक्यात लिहिते, मग दोन्ही वाक्यं शेजारी ठेवतो. जुळली नाहीत तर बहुतेक वेळा हवाला प्रश्नाच्या मध्येच सुरू झालेला असतो, नाहीतर "तो कागद" म्हणजे कोणती निशाणी हे पाच पानं आधी सांगितलेलं असतं. माझी बायको यात सगळ्यांत कडक. तिनं कोर्टाच्या नकला वाचण्यात उमर काढली, त्यामुळे "हो" दिसलं की ती आधी वर पाहते.

सध्या गावातली पोरंपोरी इथंच काम शिकतात, वीज गेली तर इन्व्हर्टरवर. अमेरिकेतली संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे रात्रपाळी लागत नाही. तज्ज्ञ डॉक्टरांची डिपॉझिशनं आम्ही अजून घेत नाही. त्यात वैद्यकीय कारणमीमांसा कुठं संपते आणि अंदाज कुठं सुरू होतो हे ओळखायला तसा माणूस लागतो, आणि तो मिळेपर्यंत नागपूरच्या त्या माणसाला आम्ही दर वेळी नाहीच सांगतो.