आत्याचं नाक आणि माझं कव्हर लेटर

पहिल्या तीन गेम स्टुडिओंना मी पाठवलेलं कव्हर लेटर आज मलाच वाचवत नाही. लहानपणापासूनची चित्रकलेची आवड, मग सॉफ्टवेअरची यादी, आणि शेवटी ‘फोटोवरून कॅरेक्टर बनवण्यात हातखंडा’. सोबत बारा चित्रं. तिन्हीकडून साधी पोचही आली नाही.

माझी एक मैत्रीण थ्रीडी मॉडेलर आहे. तिला सगळं दाखवलं. पत्राकडे तिने बघितलंही नाही, चित्रं मात्र एकेक करून पाहिली. म्हणाली, “छान आहेत गं, पण ही लग्नपत्रिकेवर छापायची चित्रं झाली. या बाईची पाठ कुठंय?”

बोलणं झोंबलं, कारण खरं होतं. दोन वर्षं मी लग्नपत्रिकांवरची नवरा-नवरीची कार्टूनच करत होते. तिथे चेहरा ओळखू आला की काम संपतं. गेममध्ये तीच व्यक्ती वळते, वाकते, पाठमोरी चालत जाते, आणि मॉडेलरला हे सगळं माझ्या चित्रावरूनच उभं करायचं असतं.

‘ही बाई’ म्हणजे माझी आत्या. नऊवारी, ठसठशीत आडवं कुंकू, कमरेवर हात. बारापैकी हे एकच चित्र घेऊन मी पुन्हा बसले. आत्याला आधीचं चित्र दाखवलं तेव्हा ती फणकारली होती, “माझं नाक एवढं आहे होय गं?” मला वाटलं, बायकांना आपलं नाक मोठं वाटतंच. पण फोटो नीट पाहिला तेव्हा चूक कळली. तो मी हातभर अंतरावरून मोबाइलने काढला होता. इतक्या जवळून काढलं की जे कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं ते फुगतं आणि कान मागे पडतात. कॅरेक्टर करताना आपण वैशिष्ट्य वाढवून दाखवतो. मी आत्याचं वैशिष्ट्य समजून कॅमेऱ्याची खोड वाढवली होती.

मग गावी जाऊन सहा-सात फुटांवरून झूम करून पुन्हा फोटो काढले. नाक जागेवर आलं. तिची खरी ओळख रुंद जबडा आणि कायम वर चढलेली डावी भुवई ही होती. ज्या स्टुडिओला आता पत्र पाठवायचं होतं, त्याच्या गेममधली माणसं बुटकी, साधारण अडीच डोकी उंचीची असतात. खरा माणूस सात-साडेसात डोकी भरतो. एवढ्या आखूड अंगात सगळं मावत नाही. म्हणून जबडा, भुवई आणि कुंकू ठेवलं, सुरकुत्या आणि पदरावरची नक्षी गाळली. फोटोतल्या दुपारच्या उन्हाच्या सावल्याही काढून टाकल्या, कारण गेममध्ये उजेड वेगळा येतो आणि रंगवलेली सावली कॅरेक्टर वळलं तरी तिथेच चिकटून राहते.

पाठीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. कासोटा मागे नेमका कुठे खोचतात हे नऊवारीच्या घरात वाढलेल्या मला आठवेना! आत्याला तीनदा वळायला लावलं. “बाजार करायचाय का माझा?” म्हणाली, पण वळली.

पत्र अर्थातच इंग्रजीत होतं. आवडीनिवडी गेल्या, आणि मधला परिच्छेद साधारण असा झाला:

“सोबतचं कॅरेक्टर माझ्या आत्याच्या फोटोवरून केलं आहे. फोटो मी काढले असून ते वापरायला तिची परवानगी आहे. फोटोवर गिरवलेलं नाही. पहिल्या पाच कच्च्या रेखाटनांपासून सगळे टप्पे जोडले आहेत. तुमच्या गेममधल्या दुकानदारांच्या प्रमाणात ती बसवली आहे. समोरून, पाऊण बाजूने, बाजूने आणि मागून अशी चार दृश्यं आहेत. काय ठेवलं आणि काय गाळलं ते पानावर लिहिलं आहे. एकूण सहा दिवस लागले.”

गिरवण्याबद्दलचं वाक्य मुद्दाम घातलं. फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं की बघणाऱ्याला पहिली शंका फिल्टरचीच येते, आणि ती नुसत्या शब्दांनी जात नाही. कच्ची रेखाटनं बघितली तरच जाते. बारातली आठ चित्रं काढून टाकली. त्यातली दोन नटांच्या फोटोंवरून होती. चित्रं चांगली होती, पण ना फोटो माझे, ना चेहरे वापरायची परवानगी. ‘फोटो कुणाचा?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पत्र पाठवल्यावर चौथ्या दिवशी मेल आला. नोकरी नव्हे, आर्ट टेस्ट. पाच दिवसांची मुदत, आणि पैसे नाहीत. हेही सांगून टाकते, कारण मला ते खटकलं होतं, तरी मी टेस्ट द्यायचं ठरवलं. त्यांनी एका पोस्टमनचा समोरून काढलेला एकच फोटो दिला होता आणि चारही बाजू मागितल्या होत्या. खांद्यावरची पिशवी मागून कशी लोंबते ते फोटोत दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्केचबुक घेऊन आमच्या पोस्टाच्या दारात जाऊन उभी राहिले.