आमची वाटचाल: साठ ओळी, साठही पास

सुरुवातीला आम्ही तिघं होतो आणि तिघंही कोड लिहायचो. टेस्टिंग म्हणजे ज्यानं स्क्रीन बनवली त्यानंच ती दोन-चारदा चालवून बघायची आणि "झालं" म्हणायचं. पुढे एका मोठ्या ग्राहकानं कामासोबत टेस्ट केसचा तक्ता मागितला, तेव्हा आम्ही एका रात्रीत स्प्रेडशीट बनवली. पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, स्थिती असे चार रकाने आणि साठ ओळी. साठही पास. ग्राहक खूश झाला, आम्हीही झालो.

मग एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "आमची माणसं पासवर्ड एकदाच चुकतात आणि खातं बंद पडतं." आम्ही लगेच करून पाहिलं. एकदा चुकलो, काही झालं नाही. चारदा चुकलो, तरी नाही. पाचव्यांदा खातं बंद झालं, म्हणजे ठरल्याप्रमाणेच. आम्ही त्यांना कळवलं की आमच्याकडे सगळं नीट चालतंय. हे वाक्य ग्राहकाला सांगायची खोड आम्हाला तेव्हा होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन. आता मात्र तक्ता उघडला. लॉगिनची ओळ अशी होती: पायरी, "चुकीचा पासवर्ड अनेकदा टाकून बघणे". अपेक्षित निकाल, "खातं योग्य प्रकारे लॉक व्हावं". प्रत्यक्ष निकाल, "अपेक्षेप्रमाणे". स्थिती, पास. "अनेकदा" म्हणजे किती, "योग्य प्रकारे" म्हणजे काय, हे त्या ओळीवरून कुणालाही सांगता आलं नसतं. आणि "अपेक्षेप्रमाणे" हा शब्द साठही ओळींत होता, कारण तो पहिल्या घरात लिहून कोपरा धरून खाली ओढला होता. ओढणारा मीच.

ग्राहकाची मूळ मागणी अशी होती: सलग पाच वेळा पासवर्ड चुकला तर खातं 15 मिनिटं बंद. आमच्या ओळीत "सलग" हा शब्दच आला नव्हता. नुकत्याच रुजू झालेल्या टेस्टरनं मागणीचा कागद समोर ठेवून ही ओळ नव्यानं लिहिली. तिनं आधी प्रत्यक्ष निकालाचा रकाना लपवून टाकला आणि अपेक्षित निकाल पूर्ण लिहून झाल्यावरच सॉफ्टवेअर सुरू केलं. स्क्रीन बघत बघत लिहिलं की जे दिसतं तेच अपेक्षित वाटायला लागतं, असं तिचं म्हणणं. तिच्या तक्त्यातली ही चौदावी टेस्ट केस, TC-14:

| पायरी | अपेक्षित निकाल | प्रत्यक्ष निकाल | स्थिती |
|---|---|---|---|
| 1. test_07 खात्यावर चुकीचा पासवर्ड 3 वेळा | प्रत्येक वेळी "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे" | तोच संदेश, तिन्ही वेळा | पास |
| 2. बरोबर पासवर्ड, मग लॉगआउट | डॅशबोर्ड उघडतो | डॅशबोर्ड उघडला | पास |
| 3. चुकीचा पासवर्ड 2 वेळा | दोन्ही वेळा वरचाच संदेश, खातं सुरू | दुसऱ्या वेळी "खातं 15 मिनिटांसाठी बंद" | फेल |
| 4. लगेच बरोबर पासवर्ड | डॅशबोर्ड उघडतो | खातं बंद, करता आलं नाही | ब्लॉक्ड |

तीन आणि दोन, मध्ये एकदा बरोबर. सलग पाच चुका कुठेच नाहीत, तरी खातं बंद. दुसऱ्या पायरीनंतर तिनं डेटाबेसमध्ये पाहिलं:

```sql
SELECT failed_attempts FROM users WHERE username = 'test_07';
```

उत्तर 0 यायला हवं होतं, आलं 3. लॉगिन यशस्वी झाल्यावर चुकांचा आकडा शून्यावर आणणारी ओळ कोडमध्ये नव्हतीच. ग्राहकाकडची माणसं रोज सकाळी घाईत एकदा चुकायची, मग बरोबर टाकून कामाला लागायची. सोमवारी एक, मंगळवारी दोन, असं करत शुक्रवारी पाच. पंधरा मिनिटांनी लॉक सुटताना मात्र आकडा शून्य व्हायचा, त्यामुळे आम्ही बघेपर्यंत खातं सुरू असायचं. आमच्याकडे तर रोज रात्री टेस्टचा डेटाबेस कोरा व्हायचा. पाच दिवस मागे जाऊन कोण बघणार?

त्या दिवसापासून तक्त्यात आणखी एक रकाना आला, पूर्वस्थिती. TC-14 मध्ये तिथे लिहिलंय: खातं सुरू, `failed_attempts` 0. सुरुवात कुठून केली हे ठरलेलं नसेल, तर त्याच पायऱ्यांनी एकाला पास मिळतो आणि दुसऱ्याला फेल, आणि मग दोघं भांडत बसतात. आमच्याकडे भांडलेच.

चौथ्या पायरीवरूनही वाद झाला. डेव्हलपर म्हणाला, डॅशबोर्ड उघडला नाही, मग फेल लिही. टेस्टर म्हणाली, ती पायरी तपासलीच गेली नाही, आधीच्या चुकीनं वाट अडली. तिचंच बरोबर होतं. फेल लिहिलं असतं तर एकाच दोषाच्या दोन नोंदी झाल्या असत्या, आणि दुरुस्तीनंतर चौथी पायरी नव्यानं तपासायची राहून गेली असती. पूर्ण केसची स्थिती अर्थातच फेल. सॉफ्टवेअरची दुरुस्त आवृत्ती, म्हणजे नवं बिल्ड, आलं तेव्हा तिनं जुनी फेलची नोंद पुसली नाही. शेजारी नव्या बिल्डचा क्रमांक टाकून नव्या निकालाचे रकाने जोडले. कुठल्या बिल्डवर पास, हे लिहिलेलं नसलं तर त्या पासला मी आता किंमत देत नाही.

पुढची केस लिहिताना वेगळीच अडचण आली. बंद झालेल्या खात्यावर कुणी दहाव्या मिनिटाला पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकला, तर पंधरा मिनिटं तिथून नव्यानं मोजायची का? अपेक्षित निकालाचं घर रिकामं राहिलं, कारण मागणीत हे नव्हतंच. पूर्वी आम्ही कोडमध्ये जे होतं तेच तिथे उतरवलं असतं. या वेळी ग्राहकाला विचारलं. उत्तर आलं: पाचव्या चुकीपासूनच मोजा, मधल्या प्रयत्नांनी वेळ वाढवू नका. कोड मात्र वेळ वाढवत होता. म्हणजे ही चूक केस चालवण्याआधी, नुसतं घर भरताना सापडली. आता मी नव्या प्रकल्पात आधी अपेक्षित निकालाची रिकामी घरं मोजतो आणि तेवढे प्रश्न घेऊन ग्राहकाकडे जातो.

तक्त्याचा त्रासही आहे. "युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे" या संदेशातला एक शब्द कुणीतरी बदलला आणि एका दिवसात अकरा ओळी फेल झाल्या, दोष एकही नसताना. आता संदेशांची यादी वेगळ्या पानावर ठेवतो आणि ओळीत फक्त त्याचा क्रमांक लिहितो. आणि जे आपल्या डोक्यात आलंच नाही ते तक्त्यातही नसतं, म्हणून प्रत्येक बिल्डला अर्धा दिवस टेस्टर तक्ता बंद करून मनाला येईल तसं सॉफ्टवेअर वापरते.

अशाच एका दुपारी तिनं दोन ब्राउझरमधून एकाच क्षणी चुकीचा पासवर्ड पाठवला. चुका दोन, आकडा वाढला एकानं, आणि खातं पाचव्याऐवजी सहाव्या चुकीला बंद झालं. ती झाली TC-19. ग्राहकाला दाखवली, ते म्हणाले पुढच्या आवृत्तीत बघू, आत्ता जाऊ द्या. मी टेस्टरला म्हटलं, त्यांनी मान्य केलंय, तर पास करून टाक, शीट स्वच्छ दिसेल. तिनं शेऱ्यात "ग्राहकाच्या संमतीनं पुढे ढकललं" असं तारखेसह लिहिलं आणि स्थिती फेलच ठेवली. एकोणिसावी ओळ अजून लाल आहे.