आधी फुल्या, मग गोळे

"माझी मुलगी दहा वर्षांची आहे. नावं, वस्तू आणि वार जुळवायची ती तक्त्याची कोडी तिला शिकवायची आहेत. पण दोन वाक्यं वाचली की ती अंदाजाने उत्तर ठोकते, नाहीतर उठून जाते. सुरुवात कशी करू?"

आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते पाच घरांचं 'आइनस्टाइनचं कोडं' बाजूला ठेवा. आइनस्टाइनने ते रचल्याचा काही पुरावा नाही. १९६२ साली 'लाइफ इंटरनॅशनल' या मासिकात त्याचं एक रूप छापून आलं होतं. बाबा मंडळींना ते फार आवडतं, पण त्याचा पूर्ण तक्ता आखायचा तर ३७५ चौकोनी घरं होतात. आपल्याला सत्तावीस पुरेत, आणि पहिल्या संध्याकाळी तर नऊच.

अंदाज ठोकणारं मूल आळशी नसतं. वाक्य वाचलं की उत्तर यायला हवं, असं त्याला वाटत असतं. वाक्यातून फक्त 'हे नाही' एवढंच निघालं तर त्याला वाटतं, हातात काहीच आलं नाही. म्हणून मी मुलांना आधी फुली मारायला शिकवते, उत्तर शोधायला नाही. फुली-गोळा सगळ्यांना येतोच. 'नाही' असेल तिथे फुली, 'आहे' असेल तिथे गोळा.

आमच्या मालवणात पावसात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की मुलं घरात अडकतात. तेव्हा शेजारची पाचवीतली मुलगी आमच्या ओटीवर येऊन बसते. तिच्यासाठी रचलेलं कोडंच तुम्हाला देते. समीर, रुपाली आणि तन्वी अशी तीन घरं. बांगडा, सुरमई, पापलेट हे तीन मासे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे तीन वार. एका आठवड्यात प्रत्येक घरी एकदाच मासे शिजले. प्रत्येकाचा मासा वेगळा, वारही वेगळा. नावं मुद्दाम ओळखीची घेऊ नका. वर्गातल्या मुलांची नावं घातली की "त्यांच्याकडे रविवारी मटण असतं" असल्या बातम्या कोड्यात शिरतात.

चौकटींच्या वहीत पहिल्या दिवशी नऊ घरांचा एकच ठोकळा आखायचा. डावीकडे तीन नावं, वर तीन मासे. मग एक वाक्य सांगायचं: तन्वीकडे बांगडा नव्हता आणि सुरमईही नव्हती. तन्वीच्या ओळीत दोन फुल्या पडतात आणि एकच घर उरतं. तिथे गोळा. इथे थांबायचं आणि विचारायचं, "आता पापलेट आणखी कोणाकडे असेल?" मूल स्वतःच पापलेटच्या खालच्या उरलेल्या दोन घरांत फुल्या मारतं. गोळ्याच्या आडव्या आणि उभ्या रांगेत दोन-दोन फुल्या, ही एकच सवय त्या संध्याकाळी लागली तरी भरपूर झालं. मग "समीरकडे सुरमई नव्हती" हे दुसरं वाक्य दिलं की ठोकळा भरतो: तीन गोळे, सहा फुल्या. वही मिटायची.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानावर पूर्ण तक्ता, आणि कालचं समीरचं वाक्य आता धरायचं नाही. नावांच्या ओळी उजवीकडे वाढवून वर तीन वार लिहायचे, आणि माशांच्या रकान्यांखाली तेच तीन वार डावीकडे पुन्हा लिहायचे. तीन ठोकळ्यांचा उलटा एल तयार होतो. "वार दोनदा कशाला?" हे विचारलं जातंच. वाराची गाठ एकदा माणसाशी पडते आणि एकदा माशाशी, म्हणून. वारांचा क्रम तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा: बुध, मग शुक्र, मग रवि. बऱ्याच कॅलेंडरांत रविवार पहिला असतो आणि मूल त्या हिशेबाने 'आधी' आणि 'नंतर' मोजतं. या कोड्यात योगायोगाने त्याने उत्तर बदलत नाही, पुढच्यात बदलेल.

वाक्यं चार:

१. तन्वीकडे बांगडा नव्हता, सुरमईही नव्हती.
२. बांगडा आधी शिजला, पापलेट नंतर.
३. समीरकडे रविवारी मासे नव्हते.
४. सुरमई रविवारी शिजली.

चारही एकदम दाखवू नका. कागद घडी घालून एकेक ओळ उघडा. आणि फुली मारताना घराच्या कोपऱ्यात वाक्याचा आकडा बारीक लिहायला लावा. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

पहिलं वाक्य कालचंच, ते पटकन होतं. दुसऱ्यावर ही शेजारची पोर लगेच म्हणाली, "बांगडो बुधवारी, पापलेट शुक्रवारी." मी 'चूक' म्हटलं नाही. आणखी कुठल्या वारी चालेल, एवढंच विचारलं. तिने बोटांवर तीन जोड्या काढल्या: बुध-शुक्र, बुध-रवि, शुक्र-रवि. तिन्हींत बांगडा रविवारी कधीच येत नाही आणि पापलेट बुधवारी कधीच येत नाही. म्हणजे दोन फुल्या नक्की, बाकी काही नाही. "इतकाच?" म्हणून तिने तोंड वाकडं केलं. इथेच मूल उठून जातं. त्याला समजवायला लागू नका, पुढची घडी उघडा.

तिसऱ्या वाक्यातून एकच फुली मिळाली: समीर, रविवार. आणि मग तिने ते केलं, जे जवळजवळ प्रत्येक मूल करतं. बोट रविवारच्या खाली फिरवत म्हणाली, "समीर रविवारी नाय, बांगडो पण रविवारी नाय. म्हणजे समीराचो बांगडो!"

गंमत अशी की शेवटी समीरकडे बांगडाच निघतो. उत्तर बरोबर आणि कारण चूक. अशा वेळी मोठी माणसं "शाब्बास" म्हणून मोकळी होतात, आणि पुढच्या कोड्यात तेच कारण दगा देतं. दोन 'नाही' एकमेकांना जोडत नाहीत. मीही रविवारी मुंबईला नसते आणि तुमची मुलगीही नसते, म्हणून काही आपण एका घरात राहतो असं होत नाही.

नियम सांगून हे दहा वर्षांच्या मुलाला पटत नाही, मांडून दाखवलं तर पटतं. मी नावं, मासे आणि वार यांच्या नऊ चिठ्ठ्या केल्या आणि तिला म्हटलं, "समीरला सुरमई देऊन बघ. तिन्ही वाक्यांपैकी एखादं मोडतंय का?" तिने बराच वेळ चिठ्ठ्या हलवल्या. मी पावसाकडे बघत बसले. मदत करायचा मोह इथेच सगळ्यात जास्त होतो. शेवटी तिने मांडलं: समीर, सुरमई, बुधवार. रुपाली, बांगडा, शुक्रवार. तन्वी, पापलेट, रविवार. मग एकेक वाक्य लावून बघितलं. तन्वीकडे पापलेट, ठीक. बांगडा शुक्रवारी आणि पापलेट रविवारी, ठीक. समीर रविवारी नाही, ठीक. म्हणजे तीन वाक्यांपर्यंत समीरकडे सुरमईही चालते. तिने बांगड्याचा गोळा स्वतःच खोडला.

जुळतं कधी, तर दोनांपैकी एक 'आहे' असेल तेव्हा. हेही चिठ्ठ्यांनीच दाखवा. तन्वी आणि पापलेट यांचा गोळा झालाय, तर त्या दोन चिठ्ठ्यांना कपड्याचा चिमटा लावा. आता पापलेट बुधवारी नाही, म्हणजे चिमट्यातली तन्वीही बुधवारी नाही. तन्वीच्या ओळीत एक नवी फुली पडते, जी कुठल्याच वाक्यात लिहिलेली नव्हती. आमच्याकडे पोर इथे पहिल्यांदा हसली. अशा फुलीच्या कोपऱ्यात आकड्याऐवजी टिंब द्यायचं.

मग चौथी घडी. सुरमई आणि रविवार यांना चिमटा. दोन-दोन फुल्यांची सवय तिला होतीच, म्हणून माशांच्या आणि वारांच्या ठोकळ्यात ती मारत गेली आणि थबकली. पापलेट बुधवारी नाही ही फुली दुसऱ्या वाक्यापासून तिथे बसून होती. आता रविवारही गेला, उरला शुक्रवार. बांगड्याला बुधवार. ज्या दोन फुल्यांवर तोंड वाकडं केलं होतं, त्यातली एक इथे कामाला आली.

समीरचं अजून राहिलंच होतं. विचारायचं एवढंच, "सुरमई आणि रविवार चिमट्यात आहेत. समीर त्या चिमट्यात बसेल का?" तो रविवारी नाही, म्हणजे सुरमईही त्याची नाही. पापलेट तन्वीकडे आहे. त्याला बांगडा उरतो, आणि आता कारणासकट. समीर बांगडा बुधवारी, तन्वी पापलेट शुक्रवारी, रुपाली सुरमई रविवारी. नऊ गोळे, अठरा फुल्या.

कुठे चुकलं तर ते कसं कळेल? एका ठोकळ्याच्या एकाच रांगेत तीन फुल्या आल्या किंवा दोन गोळे आले, की नक्की चुकलंय. मूल लगेच खोडरबर घेऊन सगळंच पुसायला निघतं. तेव्हा कोपऱ्यातले आकडे वाचायला लावा. त्या रांगेतली प्रत्येक फुली कुठल्या वाक्याची, ते वाक्य खरंच तसं म्हणतं का? बहुतेक वेळा एखादी फुली बिनआकड्याची आणि बिनटिंबाची सापडते. ती अंदाजाची. तेवढीच आणि तिच्यामुळे आलेल्या खुणा पुसायच्या.

बसायचं पंधरा-वीस मिनिटं. अर्ध्यावर थांबलात तरी काही बिघडत नाही, फुल्या उद्यापर्यंत तशाच राहतात. तुम्ही स्वतः पेन्सिल हातात धरू नका. आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारा: "कुठल्या वाक्यावरून?" बरोबर गोळ्यालाही विचारा, नाहीतर हा प्रश्न आला म्हणजे चुकलं असं मूल धरून चालतं.

चार बाय चारच्या कोड्यावर जाण्याआधी याच कोड्याची एक घडी झाका. तिसरं वाक्य लपवलं तर वार आणि मासे जुळतात, तन्वीचंही ठरतं, पण समीर आणि रुपाली यांच्यात बांगडा कोणाचा आणि सुरमई कोणाची ते ठरत नाही. तिथे मुलाला "आता ठरवताच येत नाही" असं म्हणता आलं पाहिजे. मग त्यालाच नवं तिसरं वाक्य करायला सांगा. आमच्या पोरीने लिहिलं, "रुपालीला बांगडा आवडत नाही." मी विचारलं, आवडीनिवडीचा ठोकळा आपल्या तक्त्यात कुठे आहे? तिने ते खोडून लिहिलं, "रुपालीकडे बुधवारी मासे नव्हते," आणि मला म्हणाली, "आता तू सोडव."